एमसीएफ-७ लिहिलेला फ्लास्क

दोन आलेख एकावर एक ठेवले तरी रेघ सरकत नव्हती. एक औषध न दिलेल्या पेशींचा, दुसरा चोवीस तास पाल्बोसिक्लिब या पेशींचं विभाजन थांबवणाऱ्या औषधात ठेवलेल्या पेशींचा. जी१ मधल्या, म्हणजे डीएनएची प्रत काढायला अजून सुरुवात न केलेल्या पेशी पहिल्यात ४८ टक्के, दुसऱ्यात ५०. एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींमध्ये हाच आकडा आमच्याकडे नेहमी पंचावन्नवरून पंच्याऐंशीच्या पुढे जातो.

फ्लो सायटोमीटरवर आम्ही पेशींमधला डीएनए मोजतो. रंग डीएनएला चिकटतो. डीएनएची दुप्पट प्रत झालेली पेशी दुप्पट चमकते. डावीकडचा उंच सुळका जी१ चा, उजवीकडचा विभाजनाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा, आणि मधल्या सखल भागात प्रत काढण्यात गुंतलेल्या पेशी. औषध लागू पडलं की मधला भाग ओस पडतो. इथे तो भरलेलाच होता.

पाल्बोसिक्लिब नेमकं कुठे पकडतं ते सांगते. वाढीचा निरोप आला की पेशी सायक्लिन डी तयार करते. सीडीके४ आणि सीडीके६ ही एन्झाइम्स एकटी असताना निष्क्रिय असतात. सायक्लिन डी येऊन जोडलं की कामाला लागतात आणि आरबी या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात. आरबीने तोवर ई२एफ या जीन चालू करणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवलेलं असतं. ती पकड सैल झाली की ई२एफ सायक्लिन ई बनवायला घेतं, ते सीडीके२ ला जोडलं जातं, आणि ही जोडी आरबीची उरलीसुरली पकडही सोडवते. त्यानंतर वाढीचा निरोप थांबला तरी पेशी मागे फिरत नाही. पाल्बोसिक्लिब सीडीके४ आणि ६ ला बंद करतं, पण पेशीला प्रत्यक्ष थांबवतं ते आरबी.

औषध जुनं झालं असेल, ही पहिली शंका. पण त्याच बाटलीतलं औषध टी४७डी या स्तनकर्करोगाच्याच दुसऱ्या पेशींना दिलं, तर त्या नीट थांबल्या. म्हणून पेशींमध्ये कोणती प्रथिनं आहेत ते दाखवणारा ब्लॉट लावला. जेलवर टी४७डी आणि आमच्या फ्लास्कमधल्या पेशी शेजारी शेजारी.

तो ब्लॉट डेव्हलप झाला तो दिवस मी विसरणार नाही. ११० किलोडाल्टनच्या जागी टी४७डीमध्ये आरबीचा ठसठशीत बँड, आणि आमच्या दोन्ही लेन कोऱ्या. माझ्याबरोबरची ज्युनिअर आनंदाने म्हणाली, "ताई, आरबी गेलं! आपल्याला रेझिस्टंट लाइन मिळाली!" तिचं म्हणणं निराधार नव्हतं. हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या गाठींमध्ये आरबीचं जीन बिघडलेलं खरोखरच सापडतं. क्षणभर मलाही तेच खरं असावंसं वाटलं.

मग खाली सोळाच्या आसपास नजर गेली. तिथे आमच्या दोन्ही लेनमध्ये पी१६ चा काळाभोर बँड होता.

पी१६ हा सीडीके४ चा पेशीतलाच ब्रेक. आरबी नसलेल्या पेशीत तो भरपूर साठतो, कारण त्याच्या जीनवरचा आरबीचा दाबही गेलेला असतो. ब्रेक पूर्ण दाबलेला, पण त्याची वायर चाकापर्यंत पोचतच नाही. इथवर सगळं जुळत होतं. अडचण एवढीच की एमसीएफ-७ मध्ये पी१६ चं जीनच नाही, ते गळून गेलेलं आहे. पेशी औषधाच्या दबावाखाली आरबी गमावू शकते, पण नसलेलं जीन कुठून आणणार?

"ह्या एमसीएफ-७ नाहीतच," मी म्हटलं. ज्युनिअर गप्प झाली. मॅडमनी ब्लॉट उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "पी५३ तपासलंस?"

पी५३ हे इजा झालेल्या पेशीला थांबवणारं प्रथिन एमसीएफ-७ मध्ये धडधाकट असतं. एरवी एमडीएम२ हे दुसरं प्रथिन त्याला टिकू देत नाही. न्यूटलिन या रसायनाने एमडीएम२ ला बाजूला केलं की पी५३ साठतं, पी२१ वाढवतं आणि पी२१ सीडीके२ ला अडवतं. डीएनएला इजा झाली की याच वाटेने जी१ ची चौकी बंद होते. मी न्यूटलिन देऊन पाहिलं, तर पी२१ हललं नाही. म्हणजे ही चौकीही मोडलेलीच होती.

डीएनएवरून पेशींची ओळख पटवणाऱ्या एसटीआर चाचणीचा अहवाल आला तेव्हा नाव होतं एमडीए-एमबी-४६८, स्तनकर्करोगाच्याच वेगळ्या पेशी. त्यांच्यात आरबीचं जीन नसतं आणि पी५३ बदललेलं असतं. वही काढून पाहिलं, तर दोन्ही लाइन एकाच दुपारी, एकाच हूडमध्ये बाहेर काढल्या होत्या. पेशी जरा गोलसर दिसतात असं मीच त्या आठवड्यात लिहिलं होतं आणि नुकत्याच वितळवल्यात म्हणून सोडून दिलं होतं. त्या फ्लास्कवर झालेले तीन आठवड्यांचे प्रयोग आम्ही रद्द केले. ज्युनिअरच्या पोस्टरमधला एक आलेख त्यात गेला, त्याचं मला फार वाईट वाटलं.

नायट्रोजनमधून एमसीएफ-७ ची जुनी व्हायल काढली, आधी एसटीआर करून घेतलं, मगच औषध दिलं. जी१ ८७ टक्के. ब्लॉटवर पी१६ ची जागा रिकामी, आणि औषध दिलेल्या लेनमध्ये आरबीचा बँड किंचित खाली उतरलेला, फॉस्फेट नसलेला. एमडीए-एमबी-४६८ चा तो फ्लास्क मात्र आम्ही टाकला नाही. नवं लेबल लावून, आरबी नसलेल्या पेशींचा नमुना म्हणून आता तो प्रत्येक प्रयोगात शेजारी असतो.