१२ पोस्टचं पॅकेज, ४१ तासांचं काम

आमची डिजिटल मार्केटिंगची एजन्सी म्हणजे मी आणि माझा भागीदार, दोघंच. पहिली दोन वर्षं आमच्या प्रपोजलच्या शेवटच्या पानावर तीन चौकटी असायच्या: बेसिक, स्टँडर्ड, प्रीमियम. बेसिकमध्ये ८ पोस्ट, स्टँडर्डमध्ये १२ पोस्ट नि ४ रील्स, प्रीमियममध्ये सगळंच थोडं जास्त. आकडे कुठून आले म्हणाल, तर दुसऱ्या एजन्सींच्या प्रपोजलमधून. त्यांचे बघून आम्ही थोडे कमी लावले होते.

एका दातांच्या डॉक्टरांनी स्टँडर्ड घेतलं. काम व्यवस्थित चाललं होतं, डॉक्टर खूश होते, आणि तरी महिनाअखेरीला आमच्या हातात काहीच उरत नव्हतं. भागीदार म्हणाला, क्लायंट वाढवू. मी म्हटलं, आधी याच एका क्लायंटचा महिनाभर वेळ लिहून ठेवू. अगदी फोनसुद्धा.

प्रपोजल करताना आम्ही २० तास धरले होते. वहीत निघाले ४१. डिझाइन आणि मजकुराला ९ तास लागले, तो अंदाज बरोबर होता. पण दुरुस्त्यांना ८, फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपला ७, शूटिंगला जाऊन येऊन ६, जाहिराती बघायला ५, रिपोर्टला ३. आणि आणखी ३ तास नुसते ‘डॉक्टर, फोटो पाठवताय ना?’ असं विचारण्यात. म्हणजे ज्या पोस्ट मोजून आम्ही पैसे लावत होतो, त्यांना एकूण वेळेच्या पाव भागाहूनही कमी वेळ लागत होता.

दुसरी चूक तासाच्या दरात होती. दोघांचे मिळून महिन्याला ३२० तास, म्हणून महिन्याचा सगळा खर्च (आमचे पगार, सॉफ्टवेअर, भाडं) मी ३२० ने भागत असे. पण प्रपोजल लिहिणं, हिशेब, नवीन क्लायंटच्या भेटी यांचे पैसे कोण देतं? असे तास वजा केले तेव्हा क्लायंटच्या नावावर लावता येतील असे १९२ उरले, म्हणजे साठ टक्के. खर्च १०० धरला आणि त्यावर २० नफा ठेवला, तर १२० भागिले १९२. हा दर जुन्या दराच्या बरोबर दुप्पट येतो. दर निम्मा आणि तासही निम्मेच धरलेले, म्हणजे जेवढे घ्यायला हवे होते त्याच्या चौथाई पैशांत आम्ही काम करत होतो. त्या हिशेबाने क्लायंट वाढवले असते, तर खड्डाच मोठा झाला असता.

मग प्रपोजल नव्याने लिहायला घेतलं. सरळ किंमत चौपट केली असती, तर डॉक्टरांनी हात जोडले असते. म्हणून आधी सगळं काम सुटं केलं.

पहिल्या महिन्याचं काम वेगळं काढलं. गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरणं, वेबसाइटवर आलेले लोक काय करतात ते टिपणारा पिक्सेल बसवणं, कुठल्या जाहिरातीवरून किती फोन आले ते मोजायची सोय करणं, हे एकदाच होतं आणि त्याला १८ तास लागतात. आधी ते मासिक फीमध्ये बुडून जायचं आणि क्लायंट दोन महिन्यांत सोडून गेला की अंगावर पडायचं. आता त्याची सेटअप फी वेगळी, आणि ती आगाऊ.

दुसरं, जाहिरातीचे पैसे. हे प्रकरण मला फार उशिरा कळलं. ‘जाहिरात बजेटसह’ असं एकच रकमेचं पॅकेज दिसायला सोपं दिसतं. पण कार्ड आमचं होतं. क्लायंटचे पैसे वीस दिवस उशिरा आले की तेवढे दिवस त्याची जाहिरात आमच्या खिशातून चालायची. शिवाय डॉक्टरांना वाटायचं की सगळी रक्कम आम्हालाच मिळते. आता जाहिरातीचं खातं क्लायंटच्या नावाने उघडतो, कार्ड त्याचं असतं, आम्ही मेटामध्ये पार्टनर म्हणून आणि गूगल अ‍ॅड्समध्ये मॅनेजर खात्यातून प्रवेश घेतो. आम्ही वेगळे झालो तरी खातं आणि त्यातला सगळा जुना डेटा त्याच्याकडेच राहतो. प्रपोजलमध्ये हे एक वाक्य घातल्यापासून बैठकीतला निम्मा संशय कमी झालाय.

जाहिरात सांभाळायची फी बजेटच्या टक्क्यांत घ्यावी असं बरेच जण सांगतात. मोठ्या बजेटला ते ठीक आहे. छोट्या दवाखान्याच्या बजेटचे पंधरा टक्के काढले तर आमचा एक तासही भरून निघत नाही, आणि कष्ट मात्र कमी नसतात. उलट जास्तच. जाहिरात कुणाला दाखवायची हे मेटा आधी शिकत असतं, त्या लर्निंग फेजमधून बाहेर पडायला आठवड्याला साधारण ५० रिझल्ट लागतात, आणि छोट्या बजेटला ते जमत नाही. मग अ‍ॅड सेट एकत्र करा, फॉर्मऐवजी मेसेजवर आणा, असे खेळ करावे लागतात. शिवाय ‘बजेट वाढवा’ असा सल्ला देताना आपलीच फी वाढत असेल, तर समोरच्याने विश्वास का ठेवावा? म्हणून एका मर्यादेपर्यंत ठरावीक फी, टक्के त्याच्या वर.

पोस्टची संख्या चौकटीतून काढली आणि तिथे महिन्याचे तास नि कामाचा उद्देश लिहिला. जोवर ‘१२ पोस्ट’ लिहिलेलं होतं, तोवर प्रत्येक बैठकीत ‘आठ केल्या तर किती कमी कराल?’ हाच प्रश्न यायचा, कारण भागाकार आम्हीच हातात दिलेला होता. खाली चार ओळींच्या अटी आल्या: दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, फोटो आणि माहिती २५ तारखेपर्यंत, क्लायंटकडून सामग्री न आल्याने राहिलेलं काम पुढच्या महिन्यात जमा होणार नाही, आणि किमान तीन महिने, नंतर कुणीही ३० दिवस आधी सांगून थांबावं. यातली जमा न होण्याची अट सर्वांत जास्त उपयोगी पडली. त्याआधी एका क्लायंटच्या साचलेल्या सतरा पोस्ट आम्ही एका महिन्यात काढून दिल्या होत्या.

हे घेऊन डॉक्टरांकडे गेले. वेळेची वहीच समोर ठेवली. त्यांनी शांतपणे पानं उलटली आणि दुरुस्त्यांच्या ८ तासांवर बोट ठेवून म्हणाले, “हे आमच्या रिसेप्शनवरून होतं ना?” होतंच. तिघं जण तीन वेगळ्या सूचना पाठवायचे. मग म्हणाले, “मॅडम, एवढं नाही जमणार. थोडं कमी करा.”

आधी असं कुणी म्हटलं की मी तिथेच दहा टक्के सोडायचे आणि काम तेवढंच राहायचं. या वेळी दर नाही, काम कमी केलं. रील्स काढल्या, त्यामुळे शूटिंगचे तास गेले. रिपोर्टची पानं बनवण्याऐवजी महिन्यातून एकदा अर्ध्या तासाचा फोन. दुरुस्त्या फक्त डॉक्टर सांगतील. ४१ तासांचे २२ झाले. रक्कम जुन्यापेक्षा जास्तच होती, पण त्यांनी सही केली. बाकी जुन्या क्लायंटना तीन महिन्यांची मुदत देऊन नवे दर कळवले. दोन जण गेले. त्यातला एक सर्वांत जास्त फोन करणारा होता, हे आपलं सहज सांगते.

दुसऱ्याच महिन्यात रविवारी रात्री दवाखान्यातून निरोप आला, ‘उद्याच्या शिबिरासाठी बॅनर हवाय.’ पूर्वी मी निमूट बसले असते. आता उत्तर पाठवलं, ‘हे पॅकेजबाहेर आहे, दोन तास जादा लागतील, सुट्टीच्या दिवशी दर दीडपट. करू का?’ दहा मिनिटांनी डॉक्टरांचंच उत्तर आलं, ‘जादा नको. या महिन्यातल्या दोन पोस्ट कमी करा आणि बॅनर सोमवारी सकाळी द्या.’ मी हो म्हटलं.