तुम्ही विचारलंत म्हणून: जांगड माल ठेवताना काय ठरवायचं?

«कापडी पिशव्या शिवते. एका दुकानात 'विकल्या तर पैसे द्या' अशा बोलीवर ठेवायच्या आहेत. दुकानदाराशी काय बोलू? उरलेल्या मालाचं, हिशोबाचं आणि पैशांचं काय ठरवायचं?»

या व्यवहाराला बाजारात जांगड म्हणतात. माल दुकानात असतो, मालकी तुमची असते. दुकानदाराचं भांडवल त्यात अडकत नाही, त्यामुळे तो सहसा पटकन हो म्हणतो. त्याचा होकार मिळवणं सोपं आहे. खरं जपायचं ते वेगळंच: माल कुणाचा, हे तीन महिन्यांनीही कागदावरून कळलं पाहिजे.

बोलणी छोटी ठेवा. "काका, ४० पिशव्या ठेवते, आत्ता पैसे नकोत. दर महिन्याच्या १ तारखेला आपण दोघं मिळून मोजू, ७ तारखेपर्यंत विकलेल्यांचे पैसे द्या. ९० दिवसांत न गेलेल्या मी परत नेईन." एवढ्यात तिन्ही प्रश्न येतात. मार्जिनही तेव्हाच ठरवा. रोखीने माल घेताना ४० टक्के मागणारा दुकानदार जांगडीला ३० टक्क्यांवर यायला हवा, कारण माल पडून राहण्याची जोखीम तुम्ही उचलताय. दुकानात सेल लागला तर सूट त्याच्या वाट्यातून जाईल, तुमचा दर तोच राहील, हेही तेव्हाच बोला. नंतर हा विषय काढला की वाईटपणा येतो.

माल देताना बिल करू नका, चलन करा. त्यावर अनुक्रमांक, तारीख, प्रकारवार नग, छापील किंमत, तुमचा दर लिहा आणि खाली एक ओळ: "माल जांगड दिला आहे, विक्री होईपर्यंत मालकी देणाऱ्याची. परतीची मुदत ९० दिवस." दुकानदाराची सही आणि शिक्का घ्या. दुकान अचानक बंद पडलं किंवा दुकानदाराचे घेणेकरी दारात आले, तर शेल्फवरच्या पिशव्या तुमच्या आहेत हे दाखवायला मुख्य आधार हाच कागद.

मुदत लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. १९३०च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम २४ प्रमाणे, ठरलेल्या मुदतीत माल नाकारल्याचं न कळवता तो ठेवून घेतला, तर तो घेणाऱ्याने विकत घेतला असं धरलं जातं. मुदतच नसेल तर 'वाजवी काळ' किती, यावर वाद होतो. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर विक्री झाली की बिल करायचं, आणि विक्री झाली नाही तरी माल पाठवल्यापासून सहा महिन्यांत करावंच लागतं. ९० दिवसांची मुदत त्याच्या बरीच आत बसते.

आता मोजणी. जास्तीत जास्त भांडणं इथेच होतात, कारण दुकानदार 'किती विकलं' ते आठवणीने सांगतो. तुम्ही 'किती उरलं' ते मोजा. समजा छापील किंमत ४५० रुपये, मार्जिन ३० टक्के, म्हणजे तुमचा दर ३१५. (नोंदणी नाही असं धरून जीएसटी बाजूला ठेवलाय.) १ तारखेला शेल्फ, खालचं कपाट आणि गल्ल्यामागचा कोपरा पाहून २६ पिशव्या मिळाल्या. काचेतल्या दोन उन्हाने विटल्या म्हणून महिन्याच्या मधेच परत आल्या होत्या. दुकानदाराच्या वहीत विक्री ११. तिन्ही मिळून ३९ होतात, एक पिशवी लागत नाही. ती हरवलेली पिशवी दुकानाच्या खात्यात जाते, कारण माल त्याच्या ताब्यात होता. हे चलनावर आधीच लिहिलेलं असेल तर एका पिशवीवरून संबंध बिघडत नाहीत. देणं होतं १२ गुणिले ३१५, म्हणजे ३,७८० रुपये. पुढच्या महिन्याची सुरुवात २६ पासून. मोजणीच्या कागदावर दोघांच्याही सह्या.

विटलेल्या पिशव्यांचं काय? उन्हाने, धुळीने, ग्राहकांच्या हाताळणीने खराब झालेला माल कुणाचा, हे सुरुवातीलाच सांगा. माझ्या मते शिवण उसवली तर तुमची जबाबदारी, काचेत उन्हात ठेवून रंग गेला तर दुकानाची. वर दोन्ही परत घेतल्या ती तुमची सवलत झाली, नियम नव्हे. आग आणि चोरीबद्दलही विचारा. दुकानाच्या विम्यात दुसऱ्याच्या मालकीचा माल धरलाय का, हे बऱ्याचदा कुणी पाहिलेलंच नसतं.

पैशांसाठी '४५ दिवसांनी देतो' हे मान्य करू नका. ग्राहकाने पिशवीचे पैसे गल्ल्यात टाकलेच आहेत, तिथे दुकानदाराला उधारीची गरज नाही. ७ तारीख उलटली तर ओरडू नका, नवा माल थांबवा. पैसे आले की त्याच भेटीत नवं चलन, नवा माल. सलग दोन महिने पैसे रखडले तर उरलेल्या पिशव्या मोजून घरी आणा, आणि त्या चलनावर 'परत मिळाल्या' अशी नोंद करून दोघांनीही सही करा.