बग बॅशचे 90 मिनिटं आणि त्यानंतरचे चार दिवस

आमचं दुकानदारांसाठीचं बिलिंग ॲप. टेस्टर आम्ही दोघेच. नवी आवृत्ती निघायच्या दोन आठवडे आधी साहेब म्हणाले, "सगळ्या ऑफिसलाच बसव की तपासायला." झालं, बग बॅश माझ्या गळ्यात पडली.

सपोर्ट, सेल्स, अकाउंट्स आणि एचआर मिळून 22 जण तयार झाले. नुसतं "ॲप वापरून बघा" म्हटलं असतं तर सगळे लॉगिन आणि सेटिंगवरच तुटून पडले असते. म्हणून तीनच गोष्टी ठेवल्या: सवलतीचं बिल, माल परत घेणं आणि उधारी. दोघांची एक जोडी, जोडीला एक कार्ड. कार्डावर पायऱ्या लिहिल्या नाहीत, प्रसंग लिहिला: "गिऱ्हाईक काल नेलेल्या तीन वस्तूंपैकी एक परत घेऊन आलंय." बिल्ड आदल्या संध्याकाळी गोठवलं आणि आम्हाला आधीच माहीत असलेल्या चुकांची यादी भिंतीवर लावली. ती यादी नसती तर त्याच चुका पुन्हा सगळ्यांनी लिहिल्या असत्या.

फॉर्म छोटा ठेवला. काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, फोन कोणता आणि बिल क्रमांक. हा शेवटचा रकाना मी सहज टाकला होता.

गुणांच्या तक्त्यात मात्र मी माती खाल्ली. दिसण्यातल्या चुकीला 1, काम अडलं तर 3, पैशाचा हिशोब चुकला तर 8, असं ठरवलं होतं. पण 1 गुणाच्या नोंदींना मर्यादाच घातली नव्हती. सेल्सच्या एका जोडीने अर्ध्या तासात शुद्धलेखनाच्या 26 चुका टाकल्या आणि फळ्यावर पहिला नंबर पटकावला. ते बघून बाकीचेही वेलांट्या शोधू लागले. मध्येच थांबवून जाहीर केलं की एका स्क्रीनवरच्या सगळ्या अक्षरचुका मिळून एकच नोंद. थोडी कुरकुर झाली, पण लोक परत बिलांकडे वळले.

90 मिनिटांनी 137 नोंदी हाती होत्या. दुसऱ्या दिवशी मी, एक डेव्हलपर आणि सपोर्टची लीड असे तिघं बसलो. मी नोंदी स्क्रीननुसार लावल्या होत्या, कारण टेस्टर तसंच लावतात. दुपारपर्यंत बरीच नक्कल उडवली आणि छान चाललंय असं वाटत होतं.

त्यात अकाउंट्सच्या मॅडमची नोंद होती: "दिवसाच्या हिशोबात रोख उणे 50." डेव्हलपर म्हणाला, "टेस्ट डेटा आहे, सुरुवातीची रोख भरली नसेल. अपेक्षितच आहे." मी बंद करणार होतो, तेवढ्यात लीडला तोच बिल क्रमांक माल परतीच्या गठ्ठ्यातही दिसला. तिथे मॅडमच्या जोडीदाराने लिहिलं होतं, "परतीची रक्कम जास्त वाटते."

मग ते बिल पुन्हा केलं. 200, 150 आणि 150 च्या तीन वस्तू, एकूण 500. पूर्ण बिलावर 50 रुपये सवलत, म्हणजे गिऱ्हाईकाने दिले 450. पहिली वस्तू परत घेतली तर ॲपने 200 दिले. सवलत वस्तूंवर वाटली असती तर 180 द्यायला हवे होते. तिन्ही वस्तू एकेक करून परत घेतल्यावर दुकानदाराच्या गल्ल्यातून 500 गेले, आले होते 450. आम्ही टेस्टर कायम पूर्ण बिल एकदम परत करून बघत होतो. तिथे ॲप बरोबर 450 च देतं.

म्हणजे चूक एक आणि तिचं तोंड दोन स्क्रीनवर. टेस्टर नसलेला माणूस जिथे खटकलं तिथली नोंद करतो, जिथे बिघडलं तिथली नाही. स्क्रीननुसार लावलेले माझे गठ्ठे त्यामुळे कुचकामी होते. सगळं मोडून बिल क्रमांकानुसार पुन्हा लावलं आणि "काय केलं" हा रकाना आधी वाचू लागलो. "नक्कल" म्हणून उडवलेल्या 6 नोंदी परत बाहेर काढाव्या लागल्या, त्या दिसायला सारख्या पण कारणाने वेगळ्या होत्या. उलट एकमेकींपासून लांब पडलेल्या काही नोंदी एकत्र आल्या.

चौथ्या दिवशी 137 च्या 52 वेगळ्या चुका उरल्या. त्यातल्या 9 याच आवृत्तीत दुरुस्त करायच्या ठरल्या. बाकीच्या पुढच्या यादीत गेल्या, काही "असंच असायला हवं" म्हणून बंद केल्या. बंद करताना प्रत्येकाला एका ओळीत कारण कळवलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण न कळवल्यास पुढच्या वेळी माणसं येत नाहीत, असं लीडचं म्हणणं आणि मला ते पटलं.

बक्षीस मात्र मी बग बॅशच्याच संध्याकाळी, फळ्यावरचे गुण बघून, सेल्सच्या जोडीला देऊन बसलो होतो. तपासणीनंतर मोजले तर मॅडमची जोडी पुढे. चहाच्या वेळी त्यांना सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "बक्षीस राहू दे रे, आधी ते 50 रुपये जुळव."