कार्डावरचा कर्ब आणि रानातला कर्ब

कोरेगाव तालुक्यातलं दोन एकर काळं रान. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर ताग आणि चवळी. दहा वर्षं नांगर नाही. तागही कापून तिथंच आडवा करायचा. एवढ्या काळात जमिनीत कर्ब किती वाढला, ते आम्हाला काढायचं होतं.

दादांनी जुनी मृद आरोग्य पत्रिका पुढं केली. सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के. आताच्या वरच्या १५ सेंटिमीटरचा आला ०.७८. ऑफिसात सगळे खूश, कारण या फरकातून हेक्टरी सात टन कर्ब निघत होता. पण त्या योजनेत बागायतीला अडीच हेक्टरांमागे एक नमुना आणि जिरायतीला दहा हेक्टरांमागे एक. ०.४२ मध्ये दादांच्या रानातली माती होती की नाही, हेच कळायला मार्ग नव्हता. शिवाय मातीची घनता पत्रिकेत नसतेच, आणि घनतेशिवाय टक्क्यांचे टन होत नाहीत. खतांच्या शिफारशीसाठी काढलेला कागद लोक कर्बाच्या हिशोबाला लावतात, याचा मला राग येतो.

म्हणून बांधापलीकडचं दादांच्या धाकट्या भावाचं रान तुलनेला घेतलं. माती तीच, पिकं तीच, फक्त दरवर्षी नांगरट. वाफसा असताना दोन्हीकडं लोखंडी रिंगा ठोकल्या. काळी माती वाळली की आक्रसते आणि घनता फुगून येते, म्हणून वाफशाचा हट्ट. खोली ३० सेंटिमीटर, दोन थरांत.

वरच्या थरात दादांचं रान हेक्टरी ४.४ टनांनी पुढं. खालच्या थरात मात्र ०.९ टनानं मागं! नांगर पालापाचोळा खाली गाडतो, इथं तो वरच राहतो. नुसतं १५ सेंटिमीटर मोजलं की ही घट दिसतच नाही. उरले साडेतीन. त्यातही दादांची माती जास्त दबलेली, म्हणजे तेवढ्याच खोलीत हेक्टरी दीडशे टन माती जादा मोजली गेली होती. दोन्हीकडं सारख्या वजनाची माती धरली तेव्हा २.८ टन राहिले. दोन एकरांचा कार्बन डायऑक्साइडमध्ये हिशोब केला तर दहा वर्षांत आठ टनांच्या आसपास, म्हणजे टनाला एक धरलं तर वर्षाला एक कार्बन क्रेडिटसुद्धा नाही.

"साहेब, एवढंच व्हय?" दादा म्हणाले. मग भाऊ सहज बोलून गेला, "आमची जनावरं विकली की, शेणखत बंदच हाय पाच-सहा वर्षं."

म्हणजे त्याचं रान दहा वर्षांपूर्वी होतं तसं राहिलेलंच नाही. ते उतरत गेलं असेल, तर २.८ मधला काही भाग दादांची वाढ नाही, भावाची घट आहे. किती, ते आता कुठल्याही रिंगेतून निघणार नाही, कारण तेव्हा कुणी खोलवर माती काढून ठेवलेली नाही. अहवालात मी हे लिहिलं होतं. वरिष्ठांनी ते वाक्य तळटिपेत टाकलं, आणि तळटिपा कोण वाचतं.