आमची वाटचाल : चिठ्ठ्यांचा बोर्ड आणि कराडचे अण्णा

पुण्यात आम्ही दोघं विक्रीची पानं लिहितो. लांब पानं, हातातल्या मोबाईलवर दहा-बारा वेळा बोट फिरवल्याशिवाय संपत नाहीत अशी. सुरुवातीची बरी वर्षं सांगण्यासारखी नाहीत. सांगायचं आहे ते त्या वर्षाबद्दल, जेव्हा एका मोठ्या एजन्सीने आमची गिऱ्हाईकं एकामागून एक नेली.

त्यांचा माल काय होता? पानाच्या माथ्यावर उलट चालणारं घड्याळ आणि 'फक्त 3 बाटल्या शिल्लक'. गोदामात बाटल्यांची रास असायची. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असली खोटी घाई 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला फसवणारी युक्ती, म्हणून यादीत घातली. आम्हाला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. ऑफिसचं भाडं थकलं होतं आणि आमच्याकडे उरले होते एकटे अण्णा, कराडचे शेंगदाणा तेलाचे घाणेवाले. ते म्हणाले, "घड्याळ नको. लोक फोनवर जे विचारतात तेवढं पानावर नीट सांगा."

अण्णांचं जुनं पान 'आमची परंपरा' या मथळ्याने सुरू व्हायचं. मग 'शुद्धतेचे वचन', मग 'आम्हीच का?'. हे मथळे उचलून अगरबत्तीच्या पानावर ठेवा, तिथेही बसतील. दुसऱ्याच्या मालावर चपखल बसणारा मथळा कच्चा, ही आमची पहिली कसोटी आहे. वाचक पानावर कुठवर जातात हे दाखवणाऱ्या क्लॅरिटीच्या हीटमॅपवर दिसायचं की आजोबांची गोष्ट चालू असतानाच बहुतेक वाचक निघून जातात. तेलाच्या भावाचा खुलासा मात्र पार तळाशी, 'नेहमीचे प्रश्न' या रकान्यात.

आम्ही अण्णांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे संवाद वरपासून वाचले आणि एकेक प्रश्न चिठ्ठीवर लिहून बोर्डाला टाचला. चिठ्ठीच्या कोपऱ्यात आकडा घातला, तो हा प्रश्न त्या संवादात कितवा आला याचा. किती जणांनी विचारला याचा नाही. इथेच बहुतेक लिहिणारे फसतात. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता 'पार्सलमध्ये बाटली फुटणार नाही ना?' पण तो जवळजवळ नेहमी शेवटी यायचा, घ्यायचं मनाशी ठरल्यावर. त्याला वर आणलं असतं तर भाव न पटलेल्या माणसाला आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्याबद्दल सांगत बसलो असतो.

पहिला प्रश्न भावाचाच होता. म्हणून पहिला मथळा झाला : 'एका लिटरला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात, म्हणून हा भाव'. खाली कारण : घाणा संथ फिरतो, तेल फारसं तापत नाही, आणि पेंडीत बरंच तेल राहून जातं. एक्सपेलरचं यंत्र त्याच दाण्यातून जास्त काढतं. दाण्याचा त्या महिन्याचा भाव, मजुरी आणि पेंड विकून परत येणारे पैसे, सगळा हिशेब उघड मांडला.

हे वाचलं की वाचकाच्या मनात लगेच येतं, 'घाणा लाकडीच कशावरून?' उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो, आणि पानाचा क्रम तोच. म्हणून दुसरा मथळा : 'घाणा लाकडीच आहे हे कसं तपासाल'. तिथे घाणा चालतानाचा न कापलेला व्हिडिओ आणि येऊन बघायच्या वेळा दिल्या.

तिसरा मथळा : 'कढईत फेस येतो, तो का?' न गाळलेल्या नैसर्गिक डिंकासारख्या घटकांमुळे तो येतो. रिफाइंड करताना ते काढून टाकतात. आच मंद ठेवा, कढई अर्धीच भरा, एवढा सल्ला दिला. हा मुद्दा अगदी वर घ्यायचा मोह अण्णांना होता, प्रामाणिकपणा म्हणून. मी ठामपणे नाही म्हटलं. ज्याने अजून तेल घ्यायचा विचारही केला नाही त्याला फेसाची धास्ती कशाला? त्याखाली तेल किती दिवस टिकतं, आणि सगळ्यात शेवटी पार्सल. आजोबांची गोष्ट दुसऱ्या मथळ्यात दोन ओळींत बसली, कारण तिथे ती पुरावा म्हणून कामाला येते.

क्रम बसला की नाही हे फोनवरून कळतं. पूर्वी लोक 'एवढं महाग का?' असं विचारायचे. नंतर 'सोमवारपर्यंत पोचेल का?' असं विचारू लागले. पान वाचूनही कुणी आधीचा प्रश्न विचारला, तर तो मथळा कच्चा आहे किंवा खाली गेला आहे. पण जाहिरात पाहून भलतेच लोक येत असतील, स्वस्त तेल शोधणारे, तर कुठलाही क्रम लावून उपयोग नाही. ते दुखणं पानाचं नाही.

नव्याने लिहिणाऱ्यांना सांगतो : आधी फक्त मथळे ओळीने मोठ्याने वाचा. मधला मजकूर न वाचता विक्री समजली पाहिजे. आणि 'नेहमीचे प्रश्न' हा रकाना मोकळा करायला घ्या. तिथला प्रत्येक प्रश्न वर कुठेतरी उत्तराची वाट बघत असतो.

दाण्याचा भाव हलला की अण्णांचा आजही फोन येतो, पहिल्या मथळ्याखालचा हिशेब बदलायला. तो आम्ही त्याच दिवशी बदलतो.