एक तारीख मिळवायला गेलेले अडीच दिवस

भोसरीतल्या एका मशिनिंग युनिटमध्ये मी एक्स्पोर्टचं काम पाहते. स्टुटगार्टजवळच्या एका गिऱ्हाइकाला उशिराची मेल कशी लिहावी लागली, ते सांगते. मेल लिहायला वीस मिनिटं लागली. तिच्यात घालायची तारीख आमच्याच कारखान्यातून काढायला अडीच दिवस गेले, आणि त्याचा राग अजून आहे.

2022 चा जून. 1200 स्टील बुशची ऑर्डर होती. हार्डनेस 58 ते 62 एचआरसी हवा होता. 480 नग बरोबर आले, पण बाहेर हीट ट्रीटमेंटला गेलेली 720 नगांची बॅच 54 वर आली. ती पुन्हा हार्डनिंगला पाठवायची, मग ग्राइंडिंग, मग तपासणी. ठरलेल्या तारखेला माल जाणार नाही हे उघड होतं.

पहिली मेल साहेबांनी सांगितली तशी गेली. आपण कुशल असाल अशी आशा, काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे थोडा विलंब, आमचे सर्वतोपरी प्रयत्न सुरू आहेत, माल लवकरात लवकर पाठवू, गैरसोयीबद्दल मनःपूर्वक दिलगिरी. अर्ध्या तासात उत्तर आलं. नमस्कारानंतर तीन प्रश्न: किती नग उशिरा? आमच्या गेटवर कोणत्या तारखेला पोचणार? कारण काय, आणि आत्तापर्यंत काय केलंत? खाली सही.

साहेब म्हणाले, "चिडलेत वाटतं. फोन करून गोड बोल." मला ते चिडलेले वाटले नाहीत. त्यांना असेंब्लीची लाइन लावायची होती आणि आमच्या पत्रात त्यासाठी उपयोगी असा एकही आकडा नव्हता. "लवकरात लवकर" या शब्दांवर तिकडचा माणूस कामगारांची पाळी लावू शकत नाही. आणि "प्रयत्न करतो" याचा अर्थ तिथे सरळ "खात्री नाही" असा घेतला जातो.

मग मी तारखेच्या मागे लागले. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, "दोन-चार दिवसांत होईल, लिहून टाका." दोन की चार? "अहो मॅडम, हीट ट्रीटमेंटवाल्याच्या हातात आहे." त्याला फोन केला, तर "उद्या सांगतो ताई." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मॅनेजरांचं म्हणणं असं की तारीख दिली आणि चुकली तर आपण अडकतो, त्यापेक्षा मोघम बरं. हे मला आजही पटत नाही. मोघम लिहिलं की तिकडून रोज एक मेल येते आणि रोज आपण थोडे खोटे पडतो. तारीख दिली, ती हुकणार हे चार दिवस आधी कळवलं आणि नवी तारीख दिली, तर ते ऐकून घेतात. न सांगता हुकली, तर मात्र पुढच्या ऑर्डरला त्रास होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन मॅनेजरांच्या समोर बसले आणि शेवटची तारीख विचारायचं सोडून एकेक टप्पा विचारला. भट्टीतून नग कधी परत येणार? शुक्रवारी, 10 तारखेला संध्याकाळी. ग्राइंडिंग दिवसाला किती? 180 नग. म्हणजे 720 ला चार दिवस: 11, 12, 13, 14. रविवारी मशिन चालू असतं, कारण आमची सुट्टी गुरुवारची. 15 ला तपासणी, 16 ला गुरुवार, बंद. 17 ला शुक्रवारी माल बाहेर. विमानाने मुंबईहून जाऊन त्यांच्या गेटवर 22. दहा मिनिटांत तारीख निघाली. "कधी होईल" याला कोणी उत्तर देत नाही, "दिवसाला किती नग" याला प्रत्येक जण देतो. मला हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

नवी मेल अशी केली. विषयाच्या ओळीत पीओ नंबर, पार्ट नंबर आणि "720 नगांना उशीर, नवी तारीख 22.06.2022". नुसतं "ऑर्डरबाबत" लिहिलं की मेल त्यांच्या ढिगात हरवते. वर "डिअर" आणि आडनाव, पहिलं नाव नाही. त्यांच्या सहीत डॉक्टर असेल तर तेही लावायचं. कुशल विचारणं काढलं. पहिल्याच वाक्यात निकाल: 480 नग आज निघत आहेत, 720 नग 22.06.2022 ला तुमच्या गेटवर. मग कारण, दोन ओळींत: भट्टीचा तापमान मोजणारा सेन्सर चुकीचा आकडा दाखवत होता, म्हणून हार्डनेस 54 आला, सेन्सर बदलला आहे, आणि पुन्हा हार्डनिंग झाल्यावर 20 नग तपासून रिपोर्ट जोडू. दिलगिरी एकदाच. शेवटी एकच विनंती: ही तारीख चालेल का, हे बुधवारी दुपारी 12 पर्यंत कळवा, तुमच्या वेळेने.

"गेटवर" हा शब्द मुद्दाम होता. आम्ही डिलिव्हरी म्हणतो तेव्हा आमच्या दारातून ट्रक सुटलेला असतो. त्या ऑर्डरमध्ये त्यांच्या दारात पोचवायचं ठरलं होतं, म्हणून निघण्याची आणि पोचण्याची अशा दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहिल्या. नगांचा आकडा स्वल्पविरामाशिवाय 1200 असा. जर्मनीत स्वल्पविराम दशांशचिन्ह आहे, त्यामुळे 1,200 म्हणजे एक पूर्णांक दोन दशांश. ड्रॉइंगवर 0,02 दिसलं तर तेही तसंच वाचायचं.

आणि तरीही एक चूक राहिली. तिकडे सगळी आखणी आठवड्याच्या क्रमांकावर चालते, मेलमध्ये ते KW लिहितात. मी आमच्या प्लॅनिंगच्या शीटमधून आठवडा उचलला आणि लिहिलं: 17.06.2022, KW 25. अर्ध्या तासात उत्तर: 17 जून KW 24 मध्ये येतो, नक्की कोणतं बरोबर? शीटमध्ये हे सूत्र होतं:

```
=WEEKNUM(A2)
```

हे आठवडा रविवारी सुरू करतं आणि 1 जानेवारी ज्या आठवड्यात येते त्याला पहिला धरतं. जर्मनीत ज्या आठवड्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो तो पहिला, आणि आठवडा सोमवारी सुरू होतो. 2022 मध्ये 1 जानेवारी शनिवारी आली, म्हणून रविवार सोडले तर आमचा क्रमांक जवळजवळ वर्षभर एकाने पुढे होता. बऱ्याच वर्षी रविवार सोडले तर दोन्ही जुळतात, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षात येत नाही. हवं ते सूत्र हे:

```
=ISOWEEKNUM(A2)
```

तारीख शेजारी होती म्हणूनच त्यांना शंका आली. नुसता KW 25 गेला असता तर ते माल 20 तारखेच्या आठवड्यात निघेल असं समजून बसले असते. तेव्हापासून मी दोन्ही लिहिते.

हो, वेळेचं राहिलं. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. त्यांचे सकाळचे 8 म्हणजे जूनमध्ये आपले साडेअकरा. शुक्रवारी मात्र त्यांचं ऑफिस दुपारीच रिकामं व्हायला लागतं, महत्त्वाचं असेल तर गुरुवारीच पाठवा. आमची गुरुवारची सुट्टी असली तरी मी ती मेल घरून पाठवते.

दुरुस्त केलेल्या मेलला उत्तर एका ओळीचं होतं: धन्यवाद, 22.06. आखणीत घेतली. साहेबांना ते कोरडं वाटलं. मी प्रिंट काढून मॅनेजरांच्या टेबलावर ठेवलं. 22 ला दुपारी तिकडून 720 नग मिळाल्याची पावती आली.