जस्ट, ऑलरेडी, येट आणि अगो: काळ निवडताना मी काय बघते

इंग्रजी मेल तपासताना मला सर्वांत जास्त आढळलेलं चुकीचं वाक्य म्हणजे ‘आय हॅव सेंट द फॉर्म टू डेज अगो’. मराठी माणसाकडून ही चूक होणं अगदी स्वाभाविक आहे. ‘मी दोन दिवसांपूर्वीच फॉर्म पाठवला आहे’ हे आपल्याकडे बिनचूक वाक्य. आपला ‘आहे’ दोन दिवसांपूर्वी, काल, गेल्या वर्षी अशा कुठल्याही वेळेसोबत खुशाल नांदतो. इंग्रजीतल्या ‘हॅव’ला मात्र नेमकी उलटून गेलेली वेळ चालत नाही.

म्हणून मी आधी वाक्यात ‘अगो’ आहे का ते बघते. असेल, तर पुढचा विचारच करायचा नाही, सिंपल पास्ट: ‘आय सेंट द फॉर्म टू डेज अगो’. यस्टर्डे, लास्ट वीक यांनाही हाच नियम. (‘बिफोर टू डेज’ हे ‘दोन दिवसांपूर्वी’चं शब्दशः रूप, तेही बदलायचं.)

नेमकी वेळ नसेल, तर जस्ट, ऑलरेडी, येट यांच्याकडे वळायचं. तिन्ही शब्द आत्ताच्या स्थितीबद्दल बोलतात, म्हणून प्रेझेंट परफेक्ट: ‘आय हॅव ऑलरेडी सेंट द फॉर्म’. जस्ट आणि ऑलरेडी सहसा हॅव आणि क्रियापदाच्या मधे बसतात. येट नकारात किंवा प्रश्नात येतो, आणि बहुतेक वेळा शेवटी.

आता हे वाक्य घ्या: ‘दोन दिवसांपूर्वी फॉर्म पाठवलाय, पण अजून उत्तर आलं नाही.’ एका वाक्यात एकच काळ ठेवायचा हट्ट धरला की इथे फसायला होतं. पाठवण्याला वेळ जोडलेली आहे आणि उत्तराची वाट अजून चालू आहे, म्हणून दोन काळ: ‘आय सेंट द फॉर्म टू डेज अगो, बट आय हॅवन्ट रिसीव्ड अ रिप्लाय येट.’

दोन्ही प्रकारचे शब्द एकत्र आले, तर वेळेचं ऐकायचं: ‘शी ऑलरेडी लेफ्ट अ‍ॅन अवर अगो’. ‘जस्ट अ मिनिट अगो’लाही सिंपल पास्टच, कारण तिथे जस्ट त्या मिनिटाला चिकटलेला असतो.

अमेरिकन बोलण्यात ‘डिड यू ईट येट?’, ‘आय जस्ट एट’ सर्रास चालतं. त्याला चूक म्हणू नये. परीक्षेच्या पेपरात आणि औपचारिक पत्रात मी मात्र परफेक्टच ठेवते, कारण आपल्याकडचं शालेय व्याकरण ब्रिटिश वळणाचं आहे. अगोबाबत मात्र दोन्हीकडे एकच नियम.

संभाषणात काळ मधेच बदलतो, तिथे जरा थांबून बघा. ‘हॅव यू पेड द फीज येट?’ याला ‘येस, आय हॅव’ हे उत्तर ठीक. पण लगेच ‘कधी?’ असं विचारलं, की प्रश्न ‘व्हेन डिड यू पे?’ असा होतो आणि उत्तर ‘आय पेड थ्री डेज अगो’. ‘व्हेन हॅव यू पेड?’ इथे चालत नाही.